खरजेचं मलम लेकरांना मापून लावा, बरोबर आठवड्याने पुन्हा लावा

थंडी सुरू झाली आहे. एका गोधडीत तीन-चार लेकरं झोपण्याचे हे दिवस, आणि खरूज घरभर पसरण्याचेही हेच दिवस. तुमच्या घरात एखादं मूल रात्री खाजवून रडत उठत असेल, त्याच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, जांघेत बारीक पुरळ आलं असेल, तान्ह्या बाळाच्या तळहातांवर आणि तळपायांवर फोड दिसत असतील, आणि घरात आणखी कुणाला तरी खाज सुटली असेल, तर हे आवाहन तुमच्यासाठी आहे. आधी डॉक्टरांना दाखवा. खरूज आहे असं त्यांनी सांगितलं आणि परमेथ्रिन पाच टक्के हे मलम लिहून दिलं, की पुढचं सगळं काम तुमच्या हातात आहे. ते कसं करायचं, हे कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. आमच्याकडे दर हिवाळ्यात अशी लेकरं येतात ज्यांना योग्य मलम मिळालेलं असतं आणि तरीही खरूज गेलेली नसते. आईबाप म्हणतात, औषध लागू पडलं नाही. विचारत गेलं की कळतं, मलम फक्त पुरळावर टिपक्या-टिपक्यांनी लावलेलं असतं. किंवा एकट्या मुलाला लावलेलं असतं आणि शेजारी झोपणाऱ्या भावाला नाही. किंवा एकदा लावून बरं वाटल्यावर ट्यूब फळीवर ठेवून दिलेली असते. काही घरांत याच्या उलट घडतं. खाज थांबत नाही म्हणून सहा महिन्यांच्या बाळाला अख्खी ट्यूब फासतात, तीही रोज. दोन्ही चुकीचं आहे, आणि दोन्हीचा त्रास लेकरालाच होतो.

मलम असंच का लावायचं, हे समजलं की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही, म्हणून आधी खरजेच्या किड्याबद्दल थोडं सांगते. खरूज अस्वच्छतेने होत नाही. ती एका सूक्ष्म किड्यामुळे होते. त्याची मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते, म्हणजे डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसेल न दिसेल इतकी. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बोगदा करत पुढे जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात. पिल्लं मोठी होऊन स्वतः अंडी घालायला लागेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. सर्वसाधारण खरजेत अख्ख्या अंगावर असे दहा-पंधराच किडे असतात. मग एवढं पुरळ कशाचं? ते किड्याच्या, त्याच्या अंड्यांच्या आणि विष्ठेच्या विरुद्ध शरीराने दाखवलेल्या ॲलर्जीचं असतं. म्हणून पुरळ जिथे दिसतं तिथेच किडा असतो असं नाही, आणि जिथे पुरळ नाही तिथे तो नाही असंही नाही. पुरळ बघून मलम लावणारा माणूस किड्याला चुकवतो. मलम सगळ्या अंगाला लावायचं ते एवढ्याचसाठी.

आणखी एक गोष्ट. पहिल्यांदा खरूज होते तेव्हा किडा अंगावर आल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जाऊ शकतात. या काळात माणसाला काहीच जाणवत नाही, पण त्याच्यापासून दुसऱ्याला खरूज होऊ शकते. ‘मला कुठे खाज आहे?’ असं म्हणणारे आजोबा किंवा बाबा मलम लावून घेत नाहीत, आणि महिन्याभराने त्यांच्याच कुशीतून ती पुन्हा बाळाकडे जाते.

आता माप. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला हे मलम स्वतःहून लावू नका. त्याची कातडी फार नाजूक असते, औषध जास्त शोषलं जाऊ शकतं, आणि त्याच्यासाठी डॉक्टर गंधकाचं मलम किंवा दुसरा उपाय ठरवतात. दोन महिने पूर्ण झाल्यापासून एक वर्षापर्यंतच्या बाळाला एका वेळी जास्तीत जास्त पावणेचार ग्रॅम, म्हणजे तीस ग्रॅमच्या ट्यूबचा आठवा हिस्सा. एक वर्ष ते पाच वर्षं या वयात साडेसात ग्रॅम, म्हणजे पाव ट्यूब. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला पंधरा ग्रॅम, म्हणजे अर्धी ट्यूब. बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना एक अख्खी ट्यूब. अंगाने भारी असलेल्या मोठ्या माणसाला त्याहून जास्त लागू शकतं. वयाच्या मानाने मूल चांगलंच मोठं असेल आणि मलम अंगाला पुरत नसेल, तर थोडं वाढवायचं का हे डॉक्टरांना विचारा. मनाने दुप्पट करू नका. ट्यूब घेताना तिच्यावर किती ग्रॅम लिहिलं आहे तेही बघा, कारण साठ ग्रॅमच्या ट्यूबही मिळतात, आणि तिथे पाव म्हणजे पंधरा ग्रॅम होतात.

घरात ग्रॅम मोजायचा काटा कुणाकडे नसतो, म्हणून मी आयांना बोटाचं माप सांगते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एका पेरावर, ट्यूबच्या तोंडातून सरळ एक रेघ मलम काढलं की ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं. पाव ट्यूब म्हणजे अशी पंधरा पेरं. आठवा हिस्सा म्हणजे साडेसात पेरं.

तीन वर्षांच्या मुलाची पंधरा पेरं मी अशी वाटते: डोकं, चेहरा आणि मान यांना दोन, प्रत्येक हाताला बोटांसकट दोन, छाती-पोटाला दोन, पाठ आणि कुल्ल्यांना तीन, प्रत्येक पायाला तळव्यासकट दोन. सहा-सात महिन्यांच्या बाळाची साडेसात पेरं अशी: डोकं, चेहरा, मान यांना दीड, दोन्ही हातांना मिळून दीड, छाती-पोटाला एक, पाठ-कुल्ल्यांना दीड, दोन्ही पायांना मिळून दोन. हे वाटप आधी ठरवून घेतलं की मलम पोटावरच संपलं आणि पाय कोरडे राहिले असं होत नाही. मलमाचा पांढरा थर अंगावर दिसायला हवा असं काही नाही. ते हलक्या हाताने चोळलं की कातडीत मुरून दिसेनासं होतं, आणि तसंच व्हायला हवं. पांढरं दिसत नाही म्हणून वरून पुन्हा लावू नका.

डोक्याबद्दल नीट ऐका, कारण लहान मुलांच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. मोठ्या माणसाला सहसा मानेपासून खाली लावायला सांगतात. घरात तेच ऐकलेलं असतं आणि बाळालाही मानेखालीच लावतात. पण तान्ह्या आणि लहान मुलांमध्ये किडा टाळूवर, कपाळावर, कानांमागे, मानेवरही असतो. दोन वर्षांखालच्या बाळाला डोकं आणि चेहरा सोडायचाच नाही. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांनाही मी तसंच सांगते. फक्त डोळ्यांभोवतीची आणि ओठांभोवतीची जागा सोडा. डोळ्यात गेलं तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा.

लावण्याची रात्र कशी असते ते सांगते. त्या दिवशी सगळ्यांची नखं कापा. संध्याकाळी गरम पाण्याची अंघोळ घालून लगेच मलम लावू नका. गरम, ओल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. अंघोळ घातलीच तर कोमट पाण्याची घाला, अंग पुसून पूर्ण कोरडं आणि थंड होऊ द्या. तेल, पावडर, काजळ काही नको. मग मापून घेतलेलं मलम डोक्यापासून सुरू करून खाली पायांपर्यंत लावत या. घाईत ज्या जागा राहून जातात, त्याच किड्याच्या आवडीच्या जागा आहेत: बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि नखांखाली, मनगट, कोपर, काख, बेंबी, जांघ, मुलाच्या शूच्या जागेभोवती आणि लिंगावर, कुल्ल्यांच्या फटीत, घोट्यांभोवती, तळपायांवर. उघड्या जखमेवर, रक्त आलेल्या भेगेवर मात्र लावू नका.

मलम अंगावर किमान आठ तास राहायला हवं, आणि चौदा तासांपेक्षा जास्त ठेवू नये. रात्री नऊला लावलं आणि सकाळी सहाला धुतलं, तर नऊ तास होतात. ते पुरेसं आहे. मधे कुणी हात धुतले, बाळाने लघवी-शी केली आणि ती जागा धुतली, तर तेवढ्याच जागेला पुन्हा थोडं लावा. नाहीतर नेमके हात आणि जांघा कोरड्या राहतात, आणि किडा तिथेच टिकतो. बाळ बोटं तोंडात घालतं, म्हणून मलम लावल्यावर हातांत स्वच्छ सुती मोजे घाला आणि ते मनगटाशी सैल राहतील असे बांधा. अंगावर पाजणाऱ्या आईने स्तनांवर मलम लावलेलं असेल तर पाजण्याआधी ती जागा धुऊन घ्यावी आणि पाजून झाल्यावर परत लावावं. हे मलम लावून अंगावर पाजता येतं, ते थांबवायची गरज नाही. लावल्यावर थोडी चुणचुण, लाली दिसते आणि ती जाते. पण अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर मलम लगेच धुऊन टाका आणि थेट दवाखाना गाठा. बाळाने मलम गिळल्याचं दिसलं तरी दवाखान्यात न्या.

सकाळी मलम धुऊन टाकल्यावर त्या रात्रीचे कपडे, दुपटी, चादरी, उशांचे अभ्रे आणि आदल्या तीन दिवसांत अंगाला लागलेले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. गोधडी, स्वेटर, कापडी खेळणी धुता येत नसतील तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगापासून दूर हा किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही. घर फवारण्याची, भिंती धुण्याची गरज नाही. आयांची अर्धी ताकद तिथे खर्च होते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आता सगळ्यात मोठी गोष्ट: पुन्हा कधी लावायचं. आठवड्याने. शनिवारी रात्री लावलं तर पुढच्या शनिवारी रात्री, त्याच मापाने, त्याच माणसांना, डोक्यापासून पायापर्यंत. पहिल्या रात्री जिवंत किडे मरतात, पण कातडीतली काही अंडी वाचू शकतात. ती पुढच्या तीन-चार दिवसांत फुटतात. म्हणजे सात दिवसांनी वाचलेली अंडी फुटून गेलेली असतात आणि त्यातून निघालेलं एकही पिल्लू अजून अंडी घालण्याएवढं झालेलं नसतं. त्या रात्री लावलेलं मलम या नव्या पिढीला पुढची अंडी घालण्याआधी गाठतं. दुसऱ्याच दिवशी पुन्हा लावून काही मिळत नाही, कारण पिल्लं अजून अंड्यांतच असतात. तीन आठवड्यांनी लावलं तर उशीर झालेला असतो, कारण पिल्लं मोठी होऊन नवी अंडी घातलेली असतात. आठवड्याची ती रात्र काही कारणाने हुकली, बाळाला ताप होता, प्रवासात होतात, तर चौदाव्या दिवसापर्यंत नक्की लावा. त्याहून उशीर झाला तर डॉक्टरांना विचारून सगळ्या घरासकट पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

दुसऱ्या वेळेपर्यंत खाज कमी झालेली असली तरी लावायचंच. आणि दोन वेळा झाल्यावर थांबायचं. तिसऱ्या, चौथ्या वेळी मनाने लावू नका. लागोपाठ रोज लावल्याने किडा लवकर मरत नाही. बाळाची कातडी कोरडी पडते, चुणचुणते, आणि मग त्या कोरडेपणाने सुटलेली खाज खरजेची वाटून पुन्हा मलम लावलं जातं. या फेऱ्यात सापडलेली लेकरं मी पाहते तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांची खरूज केव्हाच बरी झालेली असते.

एका घराचं उदाहरण घेऊन हिशेब मांडते. घरात आजी, बाबा, अंगावर पाजणारी आई, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांचं बाळ. खाज फक्त मुलगा, बाळ आणि आई यांना आहे. तरी मलम सहाही जणांना, एकाच रात्री. आजी, बाबा, आई यांना एकेक ट्यूब, म्हणजे तीन. चौथी ट्यूब तिन्ही लेकरांत: मुलीला पंधरा ग्रॅम, मुलाला साडेसात, बाळाला पावणेचार, मिळून सव्वासव्वीस ग्रॅम. चौथ्या ट्यूबमध्ये उरलेलं पावणेचार ग्रॅम मलम रात्री हात धुतले, लंगोट बदलला तर पुन्हा लावायला कामी येतं. म्हणजे एका रात्रीला तीस ग्रॅमच्या चार ट्यूब आणि दोन रात्रींना आठ. हा खर्च बऱ्याच घरांना जड जातो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच लोक दोन ट्यूब आणतात आणि सहा जणांत पुरवतात, मग कुणालाच पुरेसं लागत नाही आणि पैसे वाया जातात. सरकारी दवाखान्यात मलम मिळतं का ते आधी विचारा. तिथे नसेल आणि पैसे कमी पडत असतील, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मोठ्या माणसांसाठी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांसारखा दुसरा पर्याय ते बघू शकतात. ही गोळी पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बाईला सहसा देत नाहीत, म्हणून ती घरात असली तरी लेकराला मनाने देऊ नका. सगळ्यांनी मिळून अपुरं लावण्यापेक्षा हे विचारणं हजार पटीने बरं.

या घरात शनिवारी रात्री आठ वाजता जेवणं आटोपतात. आई आधी बाळाला लावते, मग मुलाला, मग मुलीला. मुलीला टाळूवर किंवा चेहऱ्यावर काही नसल्यामुळे मानेपासून खाली. धाकट्या दोघांना डोक्यासकट. बाबा आजीच्या पाठीला लावून देतात. आई स्वतःला सगळ्यात शेवटी लावते, कारण दुसऱ्यांना लावून हात धुतले की तिच्या हातांवरचं मलम जातं. सकाळी सगळे अंघोळ करतात, कपडे धुतले जातात, गोधड्या पिशवीत जातात. सोमवारी मुलगी शाळेत आणि मुलगा अंगणवाडीत जाऊ शकतो. पहिल्यांदा मलम लावून धुतल्यानंतर त्यांना घरी डांबून ठेवायची गरज नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा हेच सगळं. कॅलेंडरवर त्या तारखेला आजच खूण करून ठेवा.

त्यानंतर काय होईल, हे आधीच माहीत असू द्या. मलम लावलं तरी खाज दुसऱ्या दिवशी थांबत नाही. किडे मेलेले असतात, पण त्यांचे अवशेष कातडीत असतात आणि कातडी झडून ते बाहेर पडेपर्यंत ॲलर्जी चालू राहते. ही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, पण ती दिवसेंदिवस कमी होत जाते, मूल रात्री जास्त वेळ झोपतं, आणि नवं पुरळ येत नाही. ही बरं होण्याची खूण आहे. या काळात अंगाला साधं तेल किंवा मॉइश्चरायझर लावा; फार खाज असेल तर डॉक्टर मुलाच्या वजनाप्रमाणे खाजेचं औषध देतात. काखेत आणि जांघेत लालसर, टणक गाठी काही महिने राहिलेल्या दिसतात, विशेषतः लहान मुलांमध्ये. त्याही किडा जिवंत असल्याची खूण नव्हेत.

पण दुसऱ्या वेळेनंतर चार आठवडे झाले आणि खाज तेवढीच आहे किंवा वाढते आहे, बोटांच्या बेचक्यांत पुन्हा नवे दाणे आणि वाकड्या बारीक रेघा दिसताहेत, घरातल्या ज्याला काही नव्हतं त्याला आता झालंय, तर खरूज गेलेली नाही. अशा वेळी मलमाला दोष देण्याआधी एक प्रश्न विचारा: ज्याच्या कुशीत हे मूल झोपतं, असं कुणी राहिलं का? मामाच्या घरी गेलेली बहीण, रात्रपाळीला असलेले काका, शेजारची ताई जिच्याकडे बाळ दिवसभर असतं. बहुतेक वेळा उत्तर तिथे सापडतं. मग डॉक्टरांकडे जा आणि हे सगळं त्यांना सांगा.

काही गोष्टींसाठी मात्र आठवडाभरही थांबू नका. फोडांत पू झाला, पिवळी खपली धरली, भोवती कातडी लाल-गरम झाली, ताप आला, तर खरजेवर जंतूंचा संसर्ग चढलेला आहे आणि त्याला वेगळं औषध लागतं. अशा संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा, विशेषतः सकाळी डोळ्यांभोवती, सुजलेला दिसला, लघवी कमी झाली किंवा काळ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कातडीवरच्या जंतूंची प्रतिक्रिया म्हणून मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, आणि वेळेवर पोहोचलेली बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. तसंच अशक्त, कुपोषित मुलाच्या अंगावर जाड, पापुद्र्यांचे थर धरले असतील, तर ती खरूज वेगळी आणि फार पसरणारी असते. तिला घरचे दोन शनिवार पुरत नाहीत.

मेडिकल दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे. खाज म्हटल्यावर स्टेरॉइड मिसळलेली मलमं लेकरांना देऊ नका. त्याने दोन दिवस लाली आणि खाज दबते, आई खूश होते, आणि खाली किडा वाढत राहतो. पुढे पुरळाचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरलाही खरूज ओळखू येत नाही, आणि बाळाची कातडी पातळ होते ती वेगळीच. परमेथ्रिनचं एक टक्का औषध उवांचं असतं, खरजेला पाच टक्के लागतं. देताना ते बघून द्या. परमेथ्रिनचा साबण हा उपचार नाही, कारण तो मिनिटभरात धुऊन जातो. जुनं गॅमा बेंझिनचं औषध लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करू शकतं, त्याने झटके आलेले आहेत. ते लेकरासाठी विकू नका. आणि आठवड्याने पुन्हा लावा, हे एक वाक्य ट्यूब हातात देताना सांगा. डॉक्टरने घाईत लिहिलेली चिठ्ठी कधी कुणाला वाचता येत नाही. तुमचं बोलणं मात्र लक्षात राहतं.

गावाकडच्या घरांना एक कळकळीची सूचना. गुरांच्या गोचिडांचं औषध, पिकावरचं कीटकनाशक, रॉकेल यांतलं काहीही लेकराच्या अंगाला लावू नका. नावं सारखी वाटली तरी त्यांची तीव्रता आणि त्यांतली बाकीची रसायनं माणसासाठी नाहीत, तान्ह्या बाळासाठी तर मुळीच नाहीत. ती जिवावर बेतू शकतात. कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घालायची असेल तर सकाळी मलम धुताना घाला, पण मलमाच्या जागी नको.

अंगणवाडी सेविका, आशाताई, आश्रमशाळांचे अधीक्षक आणि ऊसतोडीच्या तळांवर काम करणारे कार्यकर्ते यांना सांगणं आहे. एकेका मुलाला ट्यूब देऊन हा प्रश्न सुटत नाही. एका खोलीत, एका कोपीत, एका रांगेत झोपणारे सगळे एकत्र मोजा, वयाप्रमाणे मलमाचा हिशेब काढा, एकाच संध्याकाळी लावा, आणि आठवड्यानंतरची तारीख त्याच वेळी भिंतीवर लिहा. तळ हलणार असेल, मुलं सुटीला गावी जाणार असतील, तर अशी तारीख निवडा की दोन्ही रात्री एकाच जागी पार पडतील. आणि खरूज झालेल्या मुलाला वर्गात वेगळं बसवू नका, त्याच्या आईला सगळ्यांसमोर विचारू नका. लाज वाटली की लोक लपवतात, आणि लपवलेली खरूज सगळ्या खोलीला होते.

आज रात्री झोपण्याआधी घरातल्या प्रत्येकाचे हात हातात घेऊन बोटांच्या बेचक्या बघा, बाळाचे तळपाय बघा. शंका आली तर उद्याच डॉक्टरांकडे जा, आणि घरात किती माणसं, कोण किती वयाचं, हे कागदावर लिहून न्या, म्हणजे पुरेशा ट्यूब लिहून मिळतील, दोन्ही रात्रींच्या.